अंकात किंवा संकेतस्थळावर एआय-चित्र वापरण्यापूर्वी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातील अनेक सोसायट्या, वाचनालये, ज्येष्ठ नागरिक संघ आणि माजी विद्यार्थी संघ आपापली वार्तापत्रे काढतात, आणि गेल्या काही वर्षांत त्यांच्या पानांवर एआयने तयार केलेली चित्रे दिसू लागली आहेत. पुढील प्रश्नोत्तरे अशा सर्वच चित्रांविषयी नाहीत. ज्या चित्राकडे पाहून वाचकाला ते एखाद्या खऱ्या जागेचे, प्रसंगाचे किंवा परंपरेचे आहे असे वाटेल, त्या चित्राची छपाईपूर्वी तपासणी कशी करावी, एवढ्यापुरतीच ती आहेत. लेखाच्या शेवटी टाकलेल्या वेलबुट्टीला इतकी चिकित्सा लागत नाही.

तपासणीची सुरुवात कुठून करावी? बोटे मोजण्यापासून?

नाही. हाताला सहा बोटे आहेत का, हे पाहण्याची सवय सुरुवातीच्या साधनांमुळे लागली. आजची साधने समोरच्या व्यक्तीचे हात बहुतेक वेळा बरोबर काढतात, त्यामुळे बोटे पाच भरली की चित्र उत्तीर्ण, असे मानणाऱ्या संपादकाची फसगत होण्याचा संभव अधिक असतो.

आम्ही पाळत असलेला क्रम असा आहे. चित्र कशाचा दावा करते ते आधी ठरवावे. मग विषयाच्या जाणकाराला ते दाखवावे. त्यानंतर पडद्यावर मोठे करून कडेपासून आतपर्यंत पाहावे. मग छपाईच्या किंवा पडद्याच्या आकाराला ते पुरते का, हे तपासावे, आणि शेवटी त्याखालची ओळ लिहावी. या क्रमाला कारण आहे. पहिल्या दोन पायऱ्यांना काही मिनिटे लागतात आणि नापास होणारी बरीचशी चित्रे तिथेच गळतात. क्रम उलटा केला तर एखाद्या चित्रातील सावल्या तासभर न्याहाळल्यावर कळते, की मुळात ते चित्र त्या लेखासोबत छापण्याजोगेच नव्हते.

चित्राचा ‘दावा’ म्हणजे नेमके काय?

लेख आणि चित्र शेजारी ठेवल्यावर वाचक ज्याला खरे मानील ते. तो ओळखण्यासाठी चित्राखाली मनातल्या मनात ‘हे पाहा, असे झाले होते’ हे वाक्य लिहून पाहावे. ते वाक्य शोभत असेल, तर चित्र पुराव्याची जागा घेत आहे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, खडकवासल्याचे धरणही गेले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. दर जुलैत कोणत्या ना कोणत्या अंकात त्याविषयी आठवणी छापल्या जातात. समजा, त्या आठवणींसोबत पाण्याखाली गेलेल्या पेठेचे, कृष्णधवल, थोडे पिवळसर पडलेले असे एक एआय-चित्र टाकले. त्यातील वाडे, पाण्यावर तरंगणारी भांडी, कौलांवर बसलेली माणसे हे सगळे निर्दोष असले, तरी ते चित्र छापू नये. त्या पुराची खरी छायाचित्रे आजही उपलब्ध आहेत आणि तो दिवस पाहिलेली माणसे शहरात आहेत. शिवाय असे चित्र अंकातून मोबाइलवर आणि मोबाइलवरून कुटुंबांच्या ग्रुपवर जाते, वाटेत त्याखालची ओळ गळून पडते, आणि वर्ष-दोन वर्षांत तेच चित्र ‘पानशेतच्या पुराचे दुर्मीळ छायाचित्र’ म्हणून आपल्याकडे परत येते. पुढच्या वेळी कोणी खरे छायाचित्र दाखवले, तर त्यावरही शंका घेतली जाते. चित्र जितके हुबेहूब, तितका हा धोका मोठा. म्हणून पहिल्या पायरीवर चांगल्या चित्राला वेगळी सवलत देता येत नाही.

मग जुन्या काळावरील लेखाला एआय-चित्र द्यायचेच नाही का?

देता येते, पण ते छायाचित्रासारखे दिसू नये. भिडे वाड्यात १८४८ साली सुरू झालेल्या मुलींच्या शाळेवर लेख असेल आणि त्यासोबत वर्गात बसलेल्या मुलींचे डाग पडलेले, जुनाट छटेचे ‘छायाचित्र’ टाकले, तर ते बनावट दस्तऐवजाच्या जवळ जाते. छायाचित्रणकला जगासमोर येऊन तेव्हा जेमतेम नऊ वर्षे झाली होती. त्या वर्गाचे छायाचित्र असते तर ते आपल्याला ठाऊक असते. हाच प्रसंग रेखाचित्राच्या किंवा लाकडी ठशाच्या शैलीत काढून घेतला, तर वाचक त्याला चित्रकाराची कल्पना समजतो, आणि वस्तुस्थितीही तीच आहे.

तरीही रेखाचित्रातील पाटी, दौत, लुगडे नेसण्याची पद्धत, वाड्याचे खांब यांची तपासणी चुकत नाही. शैली बदलल्याने दावा सौम्य होतो, नाहीसा होत नाही. थोर व्यक्तींच्या चेहऱ्यांबाबत आम्ही अधिक कडक आहोत : ज्यांची अस्सल छायाचित्रे मिळतात, त्या लोकमान्य टिळकांसारख्यांचा चेहरा नव्याने काढून घेण्याचे प्रयोजनच नाही, आणि ज्यांच्या दिसण्याविषयी फार थोडा आधार आहे, त्यांना नवा चेहरा बहाल करण्याचा अधिकार वार्तापत्राला नाही.

चित्र कोणी तपासावे?

ज्याने ते तयार केले, त्याने एकट्याने नक्कीच नाही. त्याने साधनाला जे सांगितले ते त्याच्या डोक्यात असते आणि चित्रातही त्याला तेच दिसते. दोन माणसे पुरतात. एक विषयाची जाणकार असावी, दुसरी अशी असावी की जिला प्रॉम्प्ट माहीत नाही. या दुसऱ्या व्यक्तीला ‘चित्र कसे वाटते?’ असे विचारू नये, कारण त्याला ‘छान आहे’ हेच उत्तर मिळते. ‘यात काय चालले आहे, हे कुठले आहे आणि केव्हाचे आहे?’ असे विचारावे. तिचे उत्तर आणि लेखाचा मजकूर यांत तफावत पडली, तर चित्र दिशाभूल करत आहे.

जाणकार म्हणजे प्राध्यापकच हवा असे नाही. स्वयंपाकावरील लेखासाठी घरातील आजी, क्रिकेटसाठी मैदानावर जाणारा मुलगा आणि नऊवारीसाठी ती नेसवणारी बाई, यांच्याइतका चांगला परीक्षक शोधून सापडणार नाही.

एखादे उदाहरण सुरुवातीपासून निर्णयापर्यंत सांगता येईल का?

एका सोसायटीच्या गणेशोत्सव अंकाच्या मुखपृष्ठासाठी आलेले चित्र घेऊ. विषय होता लक्ष्मी रस्त्यावरून जाणारी विसर्जन मिरवणूक. संध्याकाळची वेळ, पुढे ढोल-ताशा पथक, मध्ये फुलांनी सजवलेली मूर्ती, हवेत गुलाल. पाहताक्षणी कोणीही ‘वा’ म्हणावे असे ते चित्र होते.

पहिल्या पायरीवरच प्रश्न उभा राहिला. मुखपृष्ठावर ‘आपला गणेशोत्सव’ अशी ओळ जाणार होती. म्हणजे चित्र एका ठरावीक शहरातील, ठरावीक रस्त्यावरील मिरवणुकीचा दावा करत होते आणि ते पाहणारे बहुतेक वाचक त्या मिरवणुकीत प्रत्यक्ष उभे राहिलेले होते. सजावट म्हणून ते खपणार नव्हते. प्रत्येक तपशील बरोबर असणे भाग होते.

दुसऱ्या पायरीवर ते पथकात वाजवणाऱ्या एका मुलीला दाखवले. तिने आधी ढोल पाहिला. पुण्याच्या पथकातला वादक ढोल कमरेला बांधतो. एका बाजूवर टिपरू पडते आणि दुसऱ्या बाजूवर हाताची थाप. चित्रातील वादकांनी ढोल पट्ट्याने गळ्यात तिरका अडकवला होता, आणि त्यांच्या एका हातात टोकाला वाकलेली जाड काठी, तर दुसऱ्या हातात बारीक छडी होती. तो पंजाबी भांगड्याचा ढोल होता. ताशा तर चित्रात कुठेच नव्हता. त्याच्या जागी कमरेएवढ्या उंचीवर डग्ग्यासारखी काही वाद्ये होती आणि ती बोटांनी वाजवली जात होती. ताशा हे गळ्यात अडकवायचे उथळ, वाटीच्या आकाराचे वाद्य असून ते दोन बारीक काड्यांनी वाजते. तो नसेल तर ढोल-ताशा पथक म्हणायचे कशाला, असे ती म्हणाली, आणि ते खरेच होते.

मग रस्ता पाहिला. लक्ष्मी रस्ता अरुंद आहे. दोन्ही बाजूंना दुकाने, त्यांच्या पाट्या आणि वर गच्च्या व खिडक्यांतून वाकलेली माणसे असतात. चित्रातील रस्ता रुंद होता, दुतर्फा राजस्थानी हवेल्यांसारखी नक्षीदार सज्जे असलेली घरे होती आणि लांबवर घुमट दिसत होते. पेठेत राहणाऱ्या माणसाला हे पाहायला भिंगाची गरज नाही.

इथे थांबून चित्र नाकारता आले असते. पण तिसरी पायरी कशी असते हे नवीन सदस्यांना दाखवावे म्हणून ते पडद्यावर दुप्पट मोठे केले आणि कडांपासून आत पाहत गेलो. साधनाची सगळी मेहनत चित्राच्या मध्यभागी खर्च झालेली असते, त्यामुळे दोष शोधायचे ते कोपऱ्यांत आणि मागच्या रांगांत. मागच्या गर्दीतील चेहऱ्यांचे डोळे एकमेकांत मिसळले होते. एका फेट्याचा शेव शेजारच्या माणसाच्या खांद्यातून उगवला होता. डावीकडील भगव्या ध्वजाची काठी वर होती, खाली ती कोणाच्याही हातात पोहोचत नव्हती. मूर्तीचे हात मोजले तर पाच भरले, कारण मोदक धरलेला हात आणि आशीर्वादाचा हात यांच्यामध्ये एक कोपर जादा होते. दुकानावरच्या पाट्यांवर देवनागरीसारखे काहीतरी होते, पण ते वाचता येत नव्हते.

निर्णय असा झाला, की हे चित्र मुखपृष्ठावर जाणार नाही आणि दुरुस्तही केले जाणार नाही. त्याऐवजी त्याच मुलीच्या पथकातील एकाने सरावाच्या वेळी काढलेले छायाचित्र, त्याची आणि त्यात ओळखू येणाऱ्या वादकांची परवानगी घेऊन वापरले. ते थोडे अंधारलेले होते, पण ढोल कमरेलाच होता. आतल्या पानावर मोदकांच्या पाककृतीला मात्र साध्या जलरंगी शैलीतील एआय-चित्र दिले. त्याचीही तपासणी आजींनी केलीच. पहिल्या चित्रातील मोदकांना कळ्या नव्हत्या आणि ते मोमोसारखे चपटे दिसत होते. दुसऱ्यात ते उकडीचे दिसले, तेव्हा पास झाले.

साधने अशा चुका का करतात?

ही साधने असंख्य चित्रे आणि त्यांच्यासोबतचे शब्द यांवरून शिकलेली असतात. एखाद्या शब्दासोबत जे रूप सर्वाधिक वेळा आले असेल, तेच ती पुढे करतात. ‘ढोल’ या शब्दासोबत जगभरात पंजाबी ढोलाची चित्रे विपुल आहेत, पुण्याच्या पथकांची तुलनेने थोडी. ‘भारतीय वाडा’ म्हटले की राजस्थानचे महाल पुढे येतात. म्हणूनच शनिवारवाडा मागितला, तर साधन कधी कधी घुमट आणि कमानींनी भरलेला अख्खा राजवाडा काढून देते. प्रत्यक्षात १८२८ च्या आगीनंतर आतल्या इमारती उरल्या नाहीत; आज दिसतात ते तट, बुरूज, दिल्ली दरवाजा आणि आत जोती.

यातून तपासणीसाठी एक उपयुक्त गोष्ट निघते. विषय जितका स्थानिक, तितका साधनाचा आधार कमी आणि जगात इतरत्र सापडणाऱ्या त्यासारख्या वस्तूकडे घसरण्याचा कल जास्त. सूर्यास्त, पुस्तकांची चळत किंवा चहाचा कप यांना थोडी तपासणी पुरते. पगडी, नथ, बैलपोळा, वारीतील वीणा, पुरणपोळी यांना पूर्ण तपासणी हवी. प्रॉम्प्टमध्ये वस्तूचे नाव लिहिण्याऐवजी तिचे वर्णन लिहिले, म्हणजे ‘कमरेला बांधलेला, एका बाजूला काठीने आणि दुसऱ्या बाजूला हाताने वाजवला जाणारा’ असे सांगितले, तर निकाल सुधारतो. पण त्याची खात्री देता येत नाही.

चित्रातील देवनागरी अक्षरांचे काय करावे?

मोठ्या अक्षरांतील एखादा शब्द नवी साधने पुष्कळदा शुद्ध काढतात. अडचण बारीक अक्षरांत येते. शिरोरेषा मध्येच तुटते, वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, जोडाक्षराचे अर्धे अक्षर नाहीसे होते. ‘श्री’ आणि ‘मूर्ती’ यांच्यावर विशेष नजर ठेवावी, कारण रफार आणि जोडाक्षर या दोन्ही ठिकाणी गडबड होते, आणि आपला डोळा सवयीने ते बरोबरच वाचून मोकळा होतो. प्रूफ वाचणारा माणूस चित्रावरची अक्षरे वाचत नाही, ती चित्राचा भाग समजून पुढे जातो. म्हणून चित्रातील प्रत्येक पाटी, फलक आणि पुस्तकाचे मुखपृष्ठ एका माणसाने मोठ्याने वाचावे, असा नियम ठेवावा.

सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे चित्र अक्षरांविना करून घ्यावे आणि मजकूर पानाची मांडणी करताना टाइप करावा. असे केल्याने पुढच्या वर्षी तारीख बदलायची वेळ आली, तरी चित्र तेच राहते.

चूक सापडली तर चित्र दुरुस्त करावे की टाकून द्यावे?

चूक कडेला असेल आणि ती कापून निघत असेल, तर कापावी. एका मर्यादित भागातील वस्तू चुकली असेल, तर तेवढाच भाग निवडून नव्याने काढून घेण्याची सोय बहुतेक साधनांत असते. मात्र असा भाग बदलल्यावर संपूर्ण चित्र पुन्हा पहिल्यापासून तपासावे लागते, कारण शेजारच्या गोष्टी नकळत बदललेल्या असू शकतात. चूक विषयाच्या गाभ्यातच असेल, जशी वरच्या उदाहरणात ढोलाची होती, तर डागडुजीत वेळ घालवू नये.

मांडणी करताना चित्र उजवे-डावे उलटवले तर चालते का?

डीटीपी करणारे मजकुराकडे ‘तोंड’ करावे म्हणून चित्र सहज उजवे-डावे उलटवतात, आणि ही तपासणीनंतर घडणारी गोष्ट असल्याने ती कोणाच्या लक्षात येत नाही. गणपतीच्या बाबतीत तिचा परिणाम गंभीर होतो : डाव्या सोंडेची मूर्ती उजव्या सोंडेची होते, आणि या दोहोंत भाविक किती फरक मानतात हे पुण्यात सांगायला नको. साडीचा पदर डाव्या खांद्यावरून उजव्यावर जातो. पंगतीच्या चित्रातील सगळी माणसे डाव्या हाताने जेवू लागतात. त्यामुळे छपाईला जाणारे अंतिम पान पुन्हा एकदा पाहणे आवश्यक आहे. मूळ चित्र पास झाले होते, हे पुरेसे नाही.

सावल्या आणि प्रकाश तपासण्याची सोपी पद्धत आहे का?

दिवसाच्या, उन्हातल्या दृश्यासाठी आहे. चित्राची प्रत कागदावर काढावी, फूटपट्टी घ्यावी आणि एखाद्या वस्तूचे टोक व त्याच टोकाची सावली यांना जोडणारी सरळ रेषा ओढून ती पुढे वाढवावी. अशा चार-पाच रेषा ओढल्यावर त्या एका बिंदूकडे जाताना किंवा समांतर राहताना दिसल्या पाहिजेत. एक रेषा भलतीकडे गेली, तर तेथील वस्तू निराळ्या प्रकाशात ‘उभी’ आहे. रात्रीच्या मिरवणुकीसारख्या दृश्यात दिवे अनेक असतात आणि ही कसोटी तिथे निरुपयोगी ठरते. वार्तापत्रासाठी या चुकीचे वजन कमी आहे. वाचक सावल्या मोजत नाहीत, पण चित्रात ‘काहीतरी चुकतेय’ असे त्यांना वाटत राहते.

छपाईसाठी चित्र किती मोठे लागते?

साधारण नियम इंचाला ३०० पिक्सेलचा आहे. ए-४ आकाराचे मुखपृष्ठ २१ सेंटीमीटर रुंद असते, म्हणजे त्याला सुमारे २४८० पिक्सेल रुंदी हवी, शिवाय कटिंगसाठी चारही बाजूंना ३ मिलिमीटर जादा. साधनातून आलेले चित्र १०२४ पिक्सेल रुंद असेल, तर त्या मुखपृष्ठावर ते इंचाला सुमारे १२४ पिक्सेल इतकेच भरते आणि कडा मऊ, धूसर दिसतात. तेच चित्र आतल्या पानावर साडेआठ सेंटीमीटर रुंदीत उत्तम छापले जाते.

चित्र सॉफ्टवेअरने मोठे करता येते. मात्र एआयवर चालणारी मोठे करण्याची साधने नवे तपशील स्वतःच्या मनाने भरतात. मागच्या रांगेतील पुसट चेहरा मोठा होताना भलताच स्पष्ट आणि विचित्र होतो. म्हणून आधी मोठे करावे आणि तपासणी त्या मोठ्या प्रतीवर करावी.

रंगांबाबत एकच सूचना. पडद्यावरचा झगझगीत केशरी आणि गुलालाचा भडक गुलाबी रंग चार रंगांच्या छपाईत तसा उतरत नाही, मळकट होतो. ही रंगसंगती साधनांची लाडकी असल्यामुळे छापखान्याकडून रंगीत प्रूफ मागवूनच होकार द्यावा. आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, अन्यथा ती दाबून लहान केली जाते.

संकेतस्थळासाठी वेगळे काही पाहावे लागते का?

दोन गोष्टी. लिंक पाठवल्यावर दिसणाऱ्या लहान आडव्या चौकटीत चित्र वरून-खालून कापले जाते, तेव्हा मूर्तीचा मुकुट किंवा माणसांची डोकी उडत नाहीत ना, ते मोबाइलवर पाहावे. दुसरे म्हणजे, दृष्टिहीन वाचकांसाठी दिला जाणारा पर्यायी मजकूर. त्यात चित्रात काय आहे हे एका वाक्यात सांगावे आणि ते एआय-निर्मित असल्याचेही सांगावे. डोळस वाचकाला जी सूचना मिळते, ती ऐकणाऱ्यालाही मिळाली पाहिजे.

चित्राखाली काय लिहावे? फक्त ‘एआय’ पुरेसे नाही का?

पुरेसे नाही. ‘एआय’ एवढेच लिहिले तर छायाचित्र सुधारले आहे, की सगळे चित्रच काल्पनिक आहे, हे कळत नाही. ‘एआय साधनाने तयार केलेले काल्पनिक चित्र, प्रत्यक्ष प्रसंगाचे छायाचित्र नाही’ असे पूर्ण लिहावे. ते चित्राला लागूनच, छायाचित्रकाराचे नाव आपण ज्या आकारात छापतो त्याच आकारात असावे. शेवटच्या पानावरील श्रेयनामावलीत ते कोणी वाचत नाही. संकेतस्थळावरील चित्रात ही ओळ चित्राच्याच खालच्या पट्टीत बसवणे चांगले, म्हणजे कोणी चित्र उतरवून पुढे पाठवले तरी ती सोबत जाते.

फाइलच्या आतही ही नोंद ठेवता येते. वृत्तछायाचित्रांच्या क्षेत्रात वापरल्या जाणाऱ्या आयपीटीसी मानकात त्यासाठी स्वतंत्र रकाना आहे. `exiftool` हे मोफत साधन संगणकावर असेल, तर पुढील आज्ञेने तो भरता येतो :

```
exiftool -XMP-iptcExt:DigitalSourceType="http://cv.iptc.org/newscodes/digitalsourcetype/trainedAlgorithmicMedia" chitra.jpg
```

मूळ फाइल `chitra.jpg_original` या नावाने शेजारी राहते. ही नोंद समाजमाध्यमांवर पुष्कळदा पुसली जाते, त्यामुळे ती दिसणाऱ्या ओळीला पर्याय नाही. पण पाच वर्षांनी जुन्या अंकांच्या फोल्डरमधून कोणी चित्र उचलले, तर त्याला खरे काय ते कळते.

वाचकाने पाठवलेले छायाचित्र एआयचे तर नाही, हे कसे ओळखावे?

ओळखून देणाऱ्या संकेतस्थळांच्या टक्केवारीवर निर्णय घेऊ नये. खरे छायाचित्र दाबून लहान केलेले असले, किंवा एआय-चित्राचा पडद्यावरून फोटो काढलेला असला, तर त्यांचे निष्कर्ष सहज बिघडतात. पाठवणाऱ्याकडून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवावी आणि त्याच वेळी काढलेली मागची-पुढची आणखी छायाचित्रे आहेत का, असे सौजन्याने विचारावे. ज्याने खरोखर फोटो काढला आहे, त्याच्याकडे ती बहुधा असतातच. चित्रावरून शोध घेण्याच्या सोयीने ते याआधी कुठे आले होते का, हेही पाहावे. काही साधने निर्मितीची नोंद फाइलमध्ये ठेवतात आणि काही न दिसणारी जलखूण उमटवतात. ती सापडली तर प्रश्न मिटतो, सापडली नाही म्हणून चित्र अस्सल ठरत नाही.

अशा चित्राचा स्वामित्वहक्क कोणाचा?

भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवून घेणारी व्यक्ती, अशी तरतूद आहे. ती १९९४ च्या दुरुस्तीने आली, म्हणजे आजच्या साधनांच्या कितीतरी आधी, त्यामुळे तिच्या आधारावर फार मोठी इमारत उभारू नये. वार्तापत्रापुरते दोन नियम पाळावेत : साधनाच्या अटी वाचाव्यात आणि एखाद्या हयात चित्रकाराचे नाव घेऊन ‘त्यांच्या शैलीत’ असे चित्र मागू नये.

अंक वाटून झाल्यावर चूक लक्षात आली तर?

संकेतस्थळावरील चित्र गुपचूप बदलू नये. ते काढून त्या जागी कोणते चित्र होते, त्यात काय चूक होती आणि ते कोणत्या तारखेला काढले, हे दोन ओळींत लिहावे. छापील अंकासाठी पुढच्या अंकात, शक्यतो त्याच पानावर, तशीच नोंद द्यावी. चित्राचा प्रॉम्प्ट, साधनाचे नाव, तयार केल्याची तारीख आणि तपासणाऱ्या दोघांची नावे एका वहीत किंवा तक्त्यात लिहिलेली असली, की ही नोंद तयार करायला अडचण येत नाही. चित्र याआधीच ग्रुपवर फिरू लागले असेल, तर त्याच ग्रुपवर, त्याच चित्रावर ‘काल्पनिक’ असे ठळक लिहून ते पुन्हा पाठवावे. नुसता खुलाशाचा मजकूर पाठवला, तर तो चित्रापर्यंत कधीच पोहोचत नाही.